लिनक्सचे अपडेट: रोलिंग की ठरावीक आवृत्ती? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आर्चवर सकाळी अपडेट केलं आणि दुपारी पेनड्राइव्ह लावला तर दिसेना. दुकानदार म्हणतो पोर्ट गेलं, मदरबोर्ड बघावा लागेल. (पंचवटी)

मदरबोर्डला हात लावू देण्याआधी मशीन रीस्टार्ट करा. अपडेटमध्ये नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आला असणार. आर्च नवा कर्नल बसवताना जुन्याचं मॉड्यूलचं, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या तुकड्यांचं, फोल्डर काढून टाकतं, पण मशीन मात्र रीस्टार्ट होईपर्यंत जुन्याच कर्नलवर चालू असतं. पेनड्राइव्हला लागणारं मॉड्यूल आधी लोड झालेलं नसेल तर आता ते सापडणारच नाही. `uname -r` जो क्रमांक दाखवतं त्या नावाचं फोल्डर `/usr/lib/modules` मध्ये नसेल तर हेच कारण. उबुंटू आणि फेडोरा जुना कर्नल ठेवून देतात, म्हणून तिथे हा अनुभव येत नाही. रीस्टार्टनंतरही दिसला नाही, तर तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर लावून पाहा आणि मगच दुरुस्तीचं बोला.

प्रश्न: फेडोरा रोलिंग आहे का? (सिडको)

नाही. आर्चसारख्या रोलिंगमध्ये वेगळ्या आवृत्त्या नसतात, बदल सतत येत राहतात. फेडोराची मात्र साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला सुमारे 13 महिने अपडेट मिळतात.

प्रश्न: द्राक्षाच्या कामात माझा लॅपटॉप बंदच असतो. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबर छाटणीआधी अपडेट केला होता, तो यंदाची छाटणी उरकल्यावर उघडला. हिशेबासाठी `sudo pacman -Sy libreoffice-fresh` चालवलं. आता प्रोग्रॅम उघडत नाही, `libicuuc.so.76` सापडत नाही म्हणतो. भाचा म्हणतो आर्च असंच मोडतं. (दिंडोरी)

भाच्याचं म्हणणं बरोबर नाही. बंद ठेवल्यामुळे तुमचा लॅपटॉप मोडलेला नाही, त्या कमांडमधल्या `-Sy` मुळे मोडलाय. याच तक्रारीची पत्रं मला सतत येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

pacman हा आर्चचा पॅकेज मॅनेजर. त्याला `-S` म्हणजे पॅकेज बसव, `y` म्हणजे पॅकेजांची यादी ताजी कर, आणि `u` म्हणजे आधीपासून असलेलं सगळं नव्या यादीप्रमाणे बदल. तुम्ही यादी आजची घेतली, एक प्रोग्रॅम आजचा घेतला आणि बाकी अख्खी सिस्टिम गेल्या वर्षीची ठेवली. डेबियनसारख्या ठरावीक आवृत्तीत हे सहसा खपून जातं, कारण तिथे एका आवृत्तीच्या आयुष्यात मूळ लायब्ररींचे क्रमांक बदलत नाहीत. आर्चच्या सर्व्हरवर मात्र एका वेळी एकच संच असतो आणि त्यातलं प्रत्येक पॅकेज त्याच संचातल्या इतरांशी जुळवून बांधलेलं असतं. जुन्या आणि नव्या संचाच्या सरमिसळीची जबाबदारी तिथे कोणी घेत नाही, आणि आर्चने ते स्वच्छ सांगितलेलं आहे.

तुमच्या बाबतीत आजचा ऑफिस प्रोग्रॅम आयसीयू 76 साठी बांधलेला आहे. आयसीयू ही अक्षरं, भाषा आणि तारखा हाताळणारी लायब्ररी. लॅपटॉपवर आहे 75. पॅकेज मॅनेजरने `icu` नावाचं पॅकेज आहे एवढं पाहिलं आणि पुढे गेला. प्रोग्रॅम सुरू होताना 76 मागतो, ते मिळत नाही, आणि तुम्हाला हा संदेश दिसतो.

यावर दोन ऐकीव उपाय फिरतात आणि दोन्ही घातक आहेत. पहिला म्हणजे एकटं `icu` नवं करायचं. तसं केलंत तर हा प्रोग्रॅम उघडेलही, पण 75 वर उभे असलेले बाकीचे सगळे बंद पडतील. त्यात pacman स्वतःही येऊ शकतो, कारण तो ज्या लायब्ररींवर चालतो त्यांच्यापैकी एक पुढे आयसीयूवर टेकलेली आहे. मग दुरुस्तीचं हत्यारच हातात राहत नाही. दुसरा उपाय 75 च्या फाइलला 76 नावाची लिंक देण्याचा. आयसीयूमध्ये आतल्या फंक्शनच्या नावांनासुद्धा आवृत्तीचा क्रमांक जोडलेला असतो, त्यामुळे फाइल सापडली तरी आतलं नाव सापडत नाही. शिवाय ती लिंक मागे राहते आणि पुढचा खरा अपडेट आला की आडवी येते.

आता नीट मार्गाने जाऊ. आधी हिशेबाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या. चार्जर लावा. डिस्कवर मोकळी जागा किती आहे ते पाहा, कारण वर्षभराचं डाउनलोड काही जीबीचं असतं आणि मोबाइलच्या डेटावर ते करू नये. शेवटचा पूर्ण अपडेट कधी झाला हे आठवणीवर सोडू नका, लॉगमध्ये पाहा:

```
grep "starting full system upgrade" /var/log/pacman.log | tail -3
```

त्या तारखेपासून आजपर्यंतच्या आर्चच्या अधिकृत बातम्या वाचून काढा. त्या थोड्याच असतात, आणि हाताने काही करायचं असेल तेव्हाच बहुतेक लिहिल्या जातात. तुमच्या काळात जून 2025 ची `linux-firmware` ची बातमी येते. ते पॅकेज अनेक तुकड्यांत विभागलं गेलं, आणि जुन्या सिस्टिमवर एनव्हिडियाच्या फर्मवेअर फाइल `exists in filesystem` म्हणून अडतात.

नंतर किल्ल्या. प्रत्येक पॅकेजवर ते बांधणाऱ्याची डिजिटल सही असते. वर्षभरात काही किल्ल्यांची मुदत संपते, काही नव्या येतात, आणि जुना लॅपटॉप नव्या सह्या ओळखत नाही. तेव्हा `unknown trust` असा शेरा दिसतो. इथे सही-तपासणीच बंद करा असा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. पॅकेज खरं आहे याची दुसरी खात्री तुमच्याकडे नाही. किल्ल्यांचं पॅकेज आधी आणि त्याला लागूनच बाकी सगळं, असं करा:

```
sudo pacman -Sy archlinux-keyring && sudo pacman -Su
```

`-Sy` एकटं चालवण्याची ही एवढीच सवलत, तीही मागोमाग `-Su` आहे म्हणून. फर्मवेअरपाशी अडलं तर बातमीत दिलेल्याच दोन ओळी चालवा:

```
sudo pacman -Rdd linux-firmware
sudo pacman -Syu linux-firmware
```

या दोहोंच्या मध्ये रीस्टार्ट करायचं नाही, कारण त्या क्षणी मशीनवर फर्मवेअरच नसतं. सगळं पार पडलं की रीस्टार्ट करा. ऑफिस प्रोग्रॅम उघडेल. मध्येच न समजणारा संदेश आला तर तिथेच थांबा, आणि संदेशाचा फोटो व लॉगची फाइल घेऊन जाणकाराला दाखवा. प्रश्नाला `y` दाबत पुढे जाऊ नका.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: तुमच्या कामाच्या रीतीला रोलिंग बसत नाही. रोलिंगला दर आठवड्याला थोडं लक्ष लागतं, आणि तुम्हाला छाटणी ते तोडणी फुरसत नसते. डेबियन 13 वर्षभराने उघडलंत तरी अपडेट नेहमीसारखाच जाईल, कारण वर्षभरात त्यात छोट्या दुरुस्त्याच आलेल्या असतील. एवढंच की त्या येईपर्यंत सुरक्षेची भोकं उघडी असतात, म्हणून इंटरनेटवर दुसरं काही करण्याआधी अपडेट करायचा. बदलाचं काम मात्र बॅकअप तपासून, कोणी माहितगार शेजारी बसवूनच करा.

प्रश्न: रोलिंग म्हणजे रोज अपडेट करायलाच हवा का? (गंगापूर रोड)

नको, आठवड्यातून एकदा, पूर्ण, आणि परीक्षेच्या किंवा काम द्यायच्या आदल्या रात्री कधीच नाही.

प्रश्न: ऑफिसच्या सर्व्हरवर डेबियन 12 आहे. तपासायला आलेला म्हणतो OpenSSH 9.2 जुनं आहे, 9.8 नसेल तर 2024 ची regreSSHion त्रुटी उघडी राहते. सगळं बदलण्याचं कोटेशन दिलंय. (कॉलेज रोड)

OpenSSH म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याचा प्रोग्रॅम. कोटेशन बाजूला ठेवा आणि सर्व्हरवर हे चालवा:

```
dpkg -l openssh-server
```

`9.2p1-2+deb12u3` किंवा शेवटच्या `u` पुढे त्याहून मोठा आकडा दिसला तर ती त्रुटी बुजलेली आहे. मूळ प्रकल्पाने 1 जुलै 2024 ला दुरुस्ती 9.8 मध्ये दिली आणि आर्चने सरळ 9.8 घेतलं. डेबियनने तेवढीच दुरुस्ती उचलून आपल्या 9.2 मध्ये बसवली. ठरावीक आवृत्तीची रीतच ही: सुरुवातीचा क्रमांक तोच राहतो आणि बदल शेपटीत दिसतो. नुसता सुरुवातीचा क्रमांक वाचून भीती घालणं आणि त्यावर बिल लावणं हा धंदा मी नाशकात फार पाहतो, आणि त्यात लहान कार्यालयं भरडली जातात.

नवा क्रमांक म्हणजे सुरक्षित असंही नाही. 29 मार्च 2024 ला उघडकीस आलेला, xz या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममधला छुपा दरवाजा 5.6.0 आणि 5.6.1 या नव्या आवृत्त्यांत होता. त्या टंबलवीडसारख्या रोलिंग वितरणांत पोचल्या होत्या. डेबियन 12 वर 5.4.1 होतं आणि ते वाचलं.

डेबियन 12 ची नेहमीची सुरक्षा मुदत जून 2026 पर्यंत आणि त्यापुढची दीर्घ मुदत जून 2028 पर्यंत आहे. 13 वर जाण्याचा बेत तेवढ्या हिशेबाने करा. सर्व्हरवर ग्राहकांचे कागद असतील तर ज्याचा विकण्यात काही हितसंबंध नाही अशाकडून एकदा तपासणी करून घ्या, आणि त्याच्याकडून त्रुटीचा CVE हा नोंदणी क्रमांक व पॅकेजची पूर्ण आवृत्ती लिहून मागा.

प्रश्न: शाळेच्या लॅबमध्ये उबुंटू 20.04 आहे. बरेच महिने अपडेट आलेच नाहीत, म्हणजे सगळं ठीक ना? (नाशिक रोड)

ठीक नाही. 20.04 ची सर्वसाधारण मुदत मे 2025 मध्ये संपली. अपडेट येत नाहीत ते त्यामुळे. `ubuntu-security-status` ही कमांड काय मिळतंय आणि काय नाही ते दाखवेल. थेट 24.04 वर उडी मारता येत नाही, आधी 22.04 आणि मग 24.04. आधी एकाच मशीनवर करून पाहा, प्रिंटर आणि शिकवायचे प्रोग्रॅम चालतात का ते तपासा, मग बाकीच्यांना हात लावा. ठरावीक आवृत्तीला रोजचं लक्ष लागत नाही, पण संपण्याची तारीख असते, आणि ती भिंतीवर लावून ठेवायची जबाबदारी आपली. हे काम सुट्टीत ठेवा आणि लॅब सांभाळणाऱ्याशी आधी बोला.

प्रश्न: अपडेट चालू असताना लाइट गेली. आता दुसऱ्यांदा अपडेट करू देत नाही. (अंबड एमआयडीसी)

कोणतं वितरण ते लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगतो. उबुंटू किंवा डेबियन असेल तर `sudo dpkg --configure -a` अर्धवट राहिलेलं काम पुरं करतं. त्यानंतर नेहमीचा अपडेट पुन्हा चालवा. आर्च असेल तर `/var/lib/pacman/db.lck` ही कुलपाची फाइल मागे राहिलेली असते. pacman खरोखरच कुठे चालू नाही याची खात्री करून ती काढा आणि पूर्ण `-Syu` पुन्हा द्या. काही फाइल रिकाम्या किंवा तुटक्या राहिल्याची तक्रार आली, किंवा मशीन सुरूच होत नसेल, तर आर्चच्या लाइव्ह पेनड्राइव्हने सुरू करून `arch-chroot` ने आत शिरून तेच काम करावं लागतं. हे पहिल्यांदाच करत असाल तर एकट्याने करू नका. डिस्क चुकीच्या जागी जोडली तर नुकसान वाढतं. टंबलवीडवर, नेहमीच्या बीटीआरएफएस मांडणीत, सुरुवातीच्या मेन्यूतून अपडेटआधीचा स्नॅपशॉट निवडून मागे जाता येतं. जिथे लाइट वारंवार जाते आणि रोलिंगच हवं आहे, तिथे मी हेच सुचवतो. सीएनसीला जोडलेलं मशीन असेल तर यातलं काहीही करण्याआधी मशीन पुरवणाऱ्या इंजिनिअरला विचारा.