शेवट शोधूनही सापडू नये असं रील कसं कापायचं

प्रश्न: मी धुळ्याचा, आमच्या शेवभाजीच्या हॉटेलचे रील टाकतो. लोक शेवटच्या दोन-तीन सेकंदात निघून जातात. काही रील असे फिरतात की कुठं संपलं ते कळतच नाही, तसं कसं करतात?

उत्तर:

भाऊ, मी अमळनेरचा, मामी पुरणाचे मांडे करते, त्याचे व्हिडिओ मीच एडिट करतो. माझ्याकडंही हेच व्हायचं. आखाजीला एक २४ सेकंदांचा रील केला होता, सुरुवातीला "नमस्कार मंडळी", मग कणीक, पुरण, खापर, आणि शेवटी रसाच्या वाटीसोबत ताट आणि वर "आवडलं तर फॉलो करा". कुठल्या सेकंदाला किती लोक टिकलेत ते दाखवणारा रिटेन्शनचा ग्राफ उघडला तर बऱ्यापैकी सपाट चाललेली रेघ २१व्या सेकंदाला एकदम खाली, म्हणजे जिथं ताट आलं आणि मी निरोप घ्यायला लागलो बरोबर तिथंच. लोकांना मांडे आवडले नव्हते असं नाही, संपलं एवढं त्यांना कळलं होतं आणि अंगठा वर गेला. तुमचा ग्राफही शेवटी असाच पडत असेल तर लूप, म्हणजे रीलचा शेवट सुरुवातीला बेमालूम जोडणं, हा इलाज तुमचा आहे, पण तो पहिल्या तीन सेकंदातच पडत असेल तर शेवटाला हात लावू नका, आधी सुरुवात दुरुस्त करा, कारण लूपपर्यंत माणूस पोचतच नाहीये.

आता लूप म्हणजे बहुतेक लोक काय करतात, पहिल्या फ्रेमसारखी दिसणारी फ्रेम शेवटी वेगळी शूट करायला बघतात. ते जमत नाही. तेवढ्यात उजेड बदललेला असतो, चुलीचा धूर वेगळीकडं गेलेला असतो, मोबाईल बोटभर हललेला असतो, आणि डोळ्याला तो झटका लगेच कळतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे एकच सलग शॉट घ्यायचा, तो मधोमध तोडायचा, आणि त्याचा नंतरचा अर्धा भाग रीलच्या सुरुवातीला, आधीचा अर्धा भाग रीलच्या शेवटी लावायचा. रील संपून पुन्हा सुरू होतो तेव्हा जे दोन फ्रेम शेजारी येतात ते मुळातच शेजारी शूट झालेले असतात, त्यामुळं सांधा जुळवायचा प्रश्नच राहत नाही.

तोच आखाजीचा रील मी असा पुन्हा कापला. मामी दोन्ही हातांवर मांडा फिरवत मोठा करते आणि मग खापरावर टाकते, हा ९ सेकंदांचा एक सलग शॉट होता, मोबाईल स्टँडवर. मांडा सगळ्यात मोठा झालाय आणि हात आता पलटणार, त्या क्षणाला स्प्लिट मारलं. मग क्रम असा झाला: मांडा खापरावर पडतो ४ सेकंद, भाजणं ४, घडी २, रसासोबत ताट २, मग कणीक आपटणं ४, पुरण भरणं ३, आणि हातावर मांडा मोठा होणं ५. झाले २४. इथं रील संपतो, हातावर मांडा तसाच, आणि पुढच्या क्षणी तो खापरावर पडतो, म्हणजे रील पुन्हा सुरू झालेला असतो. मामी एकामागून एक मांडे करतच असते, त्यामुळं बघणाऱ्याला हे खोटं वाटत नाही. आणि ताट मी शेवटी ठेवलं नाही तर मधे आणलं हे नीट बघा. तयार पदार्थ दाखवलाच नाही तर लोक चिडतात आणि ते बरोबरच आहे, आणि शेवटी दाखवला तर परत "संपलं" कळतं.

सांध्यापाशी दोन्हीकडं स्पीड आणि फिल्टर एकच ठेवा. फेड इन, फेड आउट दोन्ही बंद. कुठल्या ॲपनं शेवटी स्वतःच्या नावाची पट्टी किंवा काळा तुकडा जोडला असेल तर तो काढा. स्क्रीनवरचं नाव पहिल्याच फ्रेमला ठेवू नका, लूप होताना ते टपकन उगवतं आणि सगळं उघडं पडतं, मी अर्ध्या सेकंदानंतर आणतो. तपासायला एक करा, एक्सपोर्ट केलेला व्हिडिओ टाइमलाइनवर दोनदा लागोपाठ ठेवा आणि फक्त सांधा चार-पाच वेळा बघा. गॅलरीत रिपीट लावून बघू नका, तिथं प्लेअर स्वतःच क्षणभर थांबू शकतो आणि चूक आपली वाटते.

चित्र जमलं तरी आवाजात लोक फसतात, कारण कानाला तुटलेलं लगेच कळतं. गाणं लावलं असेल तर रीलची लांबी गाण्याच्या पूर्ण आवर्तनांत बसली पाहिजे. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर चार ठोक्यांचा एक तुकडा २ सेकंदांचा, म्हणजे २४ सेकंदांत बरोबर १२ तुकडे बसतात. रील २३ सेकंदांचा केला तर गाणं अर्ध्यात तुटून उडी मारतं. बोलत असाल तर तिथंही शॉटचीच युक्ती चालते आणि आपल्या भाषेत तर ती फारच छान बसते, कारण "की", "तर", "म्हणून" वालं वाक्य आपण आधी बोलतो आणि मुख्य गोष्ट नंतर. मी मामीकडून एका दमात बोलून घेतलं, "घाई केली की मांडा हातावरच फाटतो, कारण कणीक नीट भिजलेली नसते". मग "घाई केली की" एवढं रीलच्या अगदी शेवटी ठेवलं आणि "मांडा हातावरच फाटतो, कारण कणीक नीट भिजलेली नसते" इथून रील सुरू केला. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती सुरुवात पूर्ण वाटते, दुसऱ्यांदा बघणाऱ्याला ते मागच्या वाक्याचं पुढचं टोक वाटतं. वेगवेगळं रेकॉर्ड करू नका, आवाजाची पट्टी बदलते आणि जोड ऐकू येतो.

नंतर आकडे बघताना एक सांभाळा. शॉर्ट्सवर सरासरी किती टक्के बघितलं हा आकडा १०० च्या वर जाऊ शकतो कारण पुन्हा बघणंही त्यात येतं, पण तो चार लोकांनी पाच-पाच वेळा बघूनही वाढतो. यूट्यूबनं मार्च २०२५ अखेरपासून शॉर्ट पुन्हा वाजला तरी व्ह्यू मोजायला सुरुवात केलीय, म्हणून नुसते व्ह्यू वाढले यावरही जाऊ नका. मी ग्राफचं शेवटचं टोक बघतो, तिथं किती लोक टिकलेत ते आधीच्या रीलपेक्षा वर आहे का. नवीन कापलेल्यात ती २१व्या सेकंदाची घसरण गेली, आणि मला तेच हवं होतं. आणि हे अर्ध्या मिनिटाच्या आतल्या रीलला चांगलं लागतं, दीड मिनिटाचा रील परत सुरू झाला तर माणसाला कळतंच.

तुमच्या शेवभाजीला मी रस्सा ओतण्याचा शॉट घेईन. पळीतून लालभडक रस्सा वाटीत पडतोय, धार चालू असतानाच मधे तोडा. सुरुवात पडणाऱ्या रश्श्यापासून, मग वर शेव, कोथिंबीर, भाकरी मोडून पहिला घास, मग कढईत मसाला परतणं, उकळी, आणि शेवटी पळी भरून धार सुरू होते तिथपर्यंत. फक्त शूट करताना पळी मोठी घ्या आणि धार निदान सहा-सात सेकंद चालली पाहिजे, नाहीतर तोडायला दोन्ही बाजूंना जागाच उरत नाही.