भिंतीच्या आतलं एकीकडून, बाहेरचं दुसरीकडून

प्रश्न : घरात दोन नवीन बाथरूम होत आहेत. फिटिंग्जची एकच यादी तीन ठिकाणी दिली. शोरूमचा आकडा १०० धरला तर घाऊक बाजारात ८२ आणि ऑनलाइन ७४ पडतात. प्लंबर दोन आठवड्यांनी भिंतीतलं काम सुरू करेल, कमोड-बेसिन बसायला आणखी दोन महिने आहेत. सगळं ऑनलाइन घेऊन २६ वाचवावेत का? घाऊकवाला म्हणतो, पूर्ण पैसे आधी दिलेत तर आणखी तीन टक्के सोडतो.

उत्तर : तुम्ही तिन्ही कोटेशनं जोडलीत, त्यामुळे आकड्यांवर नेमकं बोलता येतंय. ती शेजारी शेजारी ठेवून मॉडेल नंबर ताडून पाहिले. शॉवरच्या डायव्हर्टरपाशी ऑनलाइनचा हिशोब चुकतोय. डायव्हर्टरचे दोन भाग असतात. एक पितळी बॉडी, जी भिंतीत गाडली जाते, आणि दुसरा बाहेर दिसणारा भाग, म्हणजे प्लेट आणि दांडी. शोरूमच्या आणि घाऊकच्या कोटेशनमध्ये दोन्ही भाग आहेत, ऑनलाइनच्या यादीत फक्त बाहेरचा आहे. वर्णनात तसं लिहिलेलंही आहे, पण फोटोत अख्खा शॉवर दिसतो, त्यामुळे नजरेतून सुटतं. दोन्ही बाथरूमच्या बॉडी धरल्या की ऑनलाइनचे ७४ नसून ८१ होतात. घाऊक आणि ऑनलाइन यांत मग फारसा फरक उरत नाही.

आता या यादीचे तीन भाग करू. भिंतीत जाणारा माल (डायव्हर्टर आणि कन्सील्ड स्टॉप कॉक, बाहेरच्या भागांसकट) शोरूममध्ये २४ चा, ऑनलाइन १८ चा. कमोड आणि बेसिन शोरूममध्ये ४०, घाऊकमध्ये ३१, ऑनलाइन ३४. उरलेले नळ, अँगल कॉक, टॉवेल रॉड वगैरे शोरूममध्ये ३६, ऑनलाइन २९.

भिंतीतल्या मालावर तुमचे फक्त सहा वाचतात, आणि सगळा धोका याच मालात आहे. बॉडी कमी-जास्त खोल बसली, तिच्यातून पाणी झिरपलं किंवा बाहेरची प्लेट वेगळ्याच सिरीजची निघाली, तर ते बहुतेकदा टाईल्स लागल्यावर कळतं. मग टाईल फोडा, बॉडी बदला, वॉटरप्रूफिंग परत करा आणि त्याच छटेची टाईल शोधत फिरा. तुमच्या प्लंबरला आणि टाईलवाल्याला आजच विचारा, एक भिंत फोडून परत करायला किती घ्याल? तो आकडा या सहाच्या शेजारी ठेवून बघा. माझं मत स्पष्ट आहे : हा माल शोरूममधून घ्या. बॉडी आणि तिचा बाहेरचा भाग एकाच बिलावर, मॉडेल नंबरसकट लिहून घ्या. बॉडी बसली की टाईल्स लागण्याआधी प्लंबरला लाइन बंद करून दाब द्यायला सांगा आणि रात्रभर गेजचा काटा खाली येत नाही ना, ते पाहा. बॉडी किती खोल बसवायची याची खूण तिच्यावरच असते, ती टाईलची जाडी धरून जुळली पाहिजे.

कमोड-बेसिन घाऊक बाजारातून घ्यायला माझी हरकत नाही. वाहतूक आणि हमालीचे दोन धरले तरी ३३ होतात. ऑनलाइनपेक्षा एकच कमी, पण इथे तुम्ही स्वतः माल उघडून, निवडून घेऊ शकता, आणि चिनी मातीच्या जड मालात ते फार मोलाचं आहे. बाहेरचे नळ आणि बाकीचं ऑनलाइन घ्या, २९. एकूण ८६ होतात. सगळं ऑनलाइन घेण्यापेक्षा पाच जास्त, शोरूमपेक्षा चौदा कमी.

पण हे चौदा हातात राहतात की नाही, हे माल दारात येतो त्या अर्ध्या तासात ठरतं. मी स्वतः हे शिकले ते नुकसान सोसून. आमच्या घराच्या कामात कमोड स्वस्तात मिळाला म्हणून आधीच आणून जिन्याखाली ठेवला होता. खोकं बाहेरून नीट होतं म्हणून उघडलंच नाही. अडीच महिन्यांनी प्लंबरने उघडलं, तर मागच्या आउटलेटच्या गळ्याभोवती केसाएवढा तडा. परतीची मुदत कधीच संपली होती. दुकानदार म्हणाला, तुमच्याकडेच आपटला असेल. त्याला खोटं ठरवायला माझ्याकडे एक फोटोही नव्हता.

म्हणून कमोड आला की खोकं त्याच दिवशी, उजेडात उघडा. आधी लेबलवरचा नंबर आणि रंग बिलाशी ताडा. मग स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने भांड्यावर चार-पाच जागी हलकं ठोका. चांगल्या भांड्याचा आवाज खणखणीत येतो, तडा असेल तर बद्द. बद्द आला तिथे शाई फिरवून ओल्या फडक्याने पुसा, तडा असेल तर काळी रेघ उरते. आउटलेटच्या आत टॉर्च मारा आणि कडेवरून बोट फिरवा. सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का तेही बघा. भट्टीत माती आकसते, त्यामुळे बारीकशी फट चालते, पण डुगडुगणारा घेऊ नका. शेवटी भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि प्लंबरने सोडलेल्या पाइपशी जुळवा. हे अंतर टाईल लागलेल्या भिंतीपासून धरायचं असतं. कच्च्या भिंतीपासून मोजलं की चुकतं.

नळांना इतका वेळ लागत नाही. तिरक्या उजेडात क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात का पाहा, दांडी फिरवून बघा, वॉशर-बोल्टची पिशवी मोजा. खोकं उघडताना लेबलपासून शेवटपर्यंत एकच सलग व्हिडिओ घ्या.

टेम्पोवाला थांबत नसेल तर भांडू नका, पण पोचवर सही करण्याआधी त्यावर लिहा : ‘खोकी मोजून घेतली, आतला माल तपासलेला नाही.’ खोक्याचा कोपरा दबलेला असेल तर तेही लिहा आणि त्या कागदाचा फोटो ठेवा. कोरी सही म्हणजे माल चांगल्या स्थितीत मिळाल्याची कबुली समजली जाते.

ऑनलाइनचे नळ आत्ता मागवू नका. बसवलेला माल बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत आणि परतीची मुदत माल पोचल्यापासून मोजली जाते. प्लंबरची तारीख पक्की करा आणि मागे मोजत या. बसवायच्या आधी माल हातात येऊन तपासून व्हावा आणि तेव्हा परतीचे दिवसही शिल्लक असावेत, अशा बेताने ऑर्डर द्या. तोवर भाव थोडा वर गेला तरी चालेल. घाऊकवाल्याकडे कमोड आत्ता पसंत करून, थोडा विसार देऊन ठेवा आणि टाईल्स झाल्यावर मागवा. भाव तोच राहील, हे पावतीवर लिहून घ्या.

आणि तीन टक्क्यांचं. ३१ वर तीन टक्के म्हणजे एकसुद्धा पूर्ण होत नाही. तेवढ्यासाठी दोन महिने आधी सगळे पैसे देऊ नका. विसार एक चतुर्थांश, माल निघताना अर्धा, आणि उरलेला चतुर्थांश खोकी उघडून तपासल्यावर, असं ठरवा. तो नाही म्हणाला तर शेवटचा हप्ता थोडा कमी ठेवायची तयारी दाखवा. तरीही ऐकत नसेल तर कमोड ऑनलाइनच घ्या, तिथे तुमचा एकच जास्त जाईल.