एकाच इमारतीवरचा प्रबंध : वाचकांचे प्रश्न

मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलवर (आजचे एस्प्लेनेड मॅन्शन) एम.आर्क.चा प्रबंध करते आहे. गाइड विचारतात, एकच इमारत का? ‘ती महत्त्वाची आहे’ एवढे लिहिले तर चालेल?

नाही. महत्त्व हे इमारत जपण्याचे कारण झाले. निवडीचे कारण तुमच्या संशोधन प्रश्नातून यायला हवे. समजा प्रश्न असा आहे : इंग्लंडमध्ये ओतलेला लोखंडी सांगाडा जहाजाने आणून मुंबईच्या पावसात उभा केला, तर दीडशे वर्षांत तो कुठे आणि का खराब होतो? या प्रश्नासाठी दहा इमारती मिळणार नाहीत. हा सांगाडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छतावरही त्याने काम केले होते. म्हणजे तंत्र त्या काळातले उत्तम, आणि हवामान त्याच्या सवयीबाहेरचे. अशा टोकाच्या उदाहरणात बिघाड ठळक दिसतो, म्हणून ते निवडले, असे लिहा.

सोडलेले पर्यायही सांगा. सीएसएमटीची इमारत का नको? तिचा भार मुख्यतः दगडी भिंतींवर आहे, म्हणून तुमच्या प्रश्नाला ती उत्तर देत नाही. असा एक परिच्छेद परीक्षकाच्या निम्म्या शंका मिटवतो.

बांधकामाचे साल कुठे 1860 ते 1863 मिळते, तर कुठे 1867 ते 1869. कोणते घेऊ?

लगेच कोणतेच घेऊ नका. पद्धतीच्या प्रकरणात दाखवण्याजोगे काम नेमके हेच आहे. आधी पाहा, पाच ठिकाणी दिलेले साल एकाच जागेवरून उतरवले आहे का? तसे असेल तर तो एकच स्रोत. मग जमिनीला विचारा. काळा घोडा परिसरातले हे भूखंड फोर्टची तटबंदी पाडल्यावर मोकळे झाले, आणि ते काम बार्टल फ्रिअर 1862 मध्ये गव्हर्नर झाल्यानंतरचे. मग 1863 पर्यंत अख्खी इमारत पूर्ण होणे अवघड दिसते.

पण एवढ्याने दुसरे साल सिद्ध होत नाही. आराखडा, ओतकाम, उभारणी आणि उद्घाटन या चार वेगळ्या तारखा आहेत. लेखक बऱ्याचदा त्यांतली एक उचलतात आणि तिला ‘बांधकाम’ म्हणतात. भूखंडाच्या कागदांसाठी राज्य पुराभिलेखागारात जा. ते जवळच, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथेही उलगडा झाला नाही, तर दोन्ही साले आणि तुमचा कल कारणासह लिहा.

स्थळभेटी किती हव्यात? आत जायला परवानगी मिळाली नाही तर?

आकड्यापेक्षा हंगाम पाहा. किमान एक भेट भर पावसात आणि एक फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्याच जागांवरून. पाणी कुठून शिरते ते पावसात कळते. ते वाळल्यावर काय मागे ठेवते, ते उन्हाळ्याच्या तोंडावर. पहिल्या भेटीआधीच प्रत्येक खांबाला नकाशावर क्रमांक द्या. मी पूर्वी एका वाड्याच्या कामात हे केले नव्हते. शेकडो फोटो जमले, पण कोणता तडा कोणत्या खांबाजवळचा हे सांगता येईना, आणि तो पुरावा वाया गेला.

वहीत तीन खुणा ठेवा : पाहिले, ऐकले, अनुमान. ‘खांब बिडाचा आहे’ हेसुद्धा बहुधा अनुमानच असते. साच्याची रेघ आणि खरबरीत दाणेदार पृष्ठभाग दिसला, तर त्याला आधार मिळतो. रिव्हेटने जोडून केलेला भाग मात्र घडीव लोखंडाचा किंवा नंतरच्या पोलादाचा असणार, कारण बीड ठिसूळ, रिव्हेट ठोकताना तडकते.

आत जाता आले नाही तर तसे स्पष्ट लिहा, आणि त्यामुळे कोणता निष्कर्ष सोडला तेही. रस्त्यावरून तुळईचे टोक दिसते, तिच्यावरचा भार दिसत नाही.

एका इमारतीवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येतो का?

‘मुंबईच्या इतक्या टक्के जुन्या इमारतींत असे होते’ हे वाक्य कधीच येणार नाही. प्रक्रिया मात्र सांगता येते : लोखंड आणि विटांच्या फटीत पाणी साचते, गंज जागा व्यापतो, भिंत फुटते. जिथे ही जुळणी आहे, तिथेच हा निष्कर्ष न्यायचा.

खरी अडचण संख्येची नाही. या इमारतीत खारी हवा, अपुरी देखभाल आणि नंतर वाढवलेल्या खोल्या यांनी एकाच वेळी काम केले. 2005 मध्ये गॅलरीचा भाग कोसळला, त्यात कोणाचा वाटा किती, हे बाहेरून वेगळे काढता येत नाही. तज्ज्ञांचेही एकमत झाले नाही. 2019 मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने इमारत पाडण्याची शिफारस केली, तर उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने दुरुस्ती शक्य असल्याचे सांगितले. हे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून कोणी काय तपासले, ते प्रबंधात मांडा.

थोडी वाट इमारतीतच सापडते. पाऊस झेलणारे खांब आणि आतले खांब एकाच सांगाड्याचे, सारख्याच वयाचे. देखभालही जवळपास सारखीच. आतलेही तितकेच गंजले असतील, तर केवळ पावसाला दोष देता येणार नाही.