आधी मीटर वाच

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. नव्या खोलीचे मालक म्हणतात, 'आपल्यात कशाला लिखापढी', आणि तुला भाडेकरार मागायचा संकोच वाटतो. अरे, डिपॉझिट देताना नाही वाटला तो?

मी २००३च्या जूनमध्ये उदगीरहून पुण्यात आलो. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात माडीवरची खोली मिळाली. ट्रंक खाली ठेवायच्या आत घरमालक काका म्हणाले, "आधी मीटर वाच." सब-मीटरवर आकडा होता २३१८. त्यांनी तो माझ्याकडून चाळीस पानी वहीत लिहून घेतला. मग तडा गेलेली काच, गळका नळ, एक पंखा, एक लोखंडी कॉट. खाली दोघांच्या सह्या. मला वाटलं, म्हातारा संशयी आहे.

पुढच्या महिन्यात त्यांनी विजेचे ११२ रुपये मागितले. युनिटला चार रुपये ठरलेले. मी गप्प. तेच म्हणाले, "वही आण." मीटरवर २३४१ होतं. चष्मा नसल्यामुळे त्यांनी शेवटचा एक सहा वाचला होता. तेवीस युनिट, ब्याण्णव रुपये. वीस रुपये परत देताना मात्र चिडले: "मला चूक म्हणायला घाबरलास? मग वही कशाला आहे?" त्यानंतर बँकेचा फॉर्म असो की खानावळीचा हिशेब, मी आधी त्यांना दाखवायचो. उत्तर ठरलेलं असायचं, लिहून घे.

आणि एवढं शिकून मी काय केलं? दोन वर्षांनी कोथरूडला गेलो. तिथले मालक आमच्याच गावाकडचे, म्हणून वही काढली नाही. सोडताना आठ हजारांतले सहा हजार 'रंगकामात' गेले. भिंतीची ओल माझ्या आधीपासूनची होती, पण दाखवणार काय? मी भिडस्त होतो, मूर्ख नव्हतो, असं मी अजून स्वतःला सांगतो. काकांना हे कधी कळवलं नाही.

तुला कुणीतरी सांगितलंय की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. चूक आहे ते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ बघ. लीव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून करार मालकाच्याही सोयीचा आहे. त्यांना हे असंच सांग, भांडू नकोस. पण नोंदलेल्या करारातही ओल आणि गळका नळ सहसा नसतात. ते तूच लिहायचं.

आणि लाजू नकोस रे. मी लाजलो होतो.

उद्या सामान आत न्यायच्या आधी भिंतींचे फोटो काढ, यादी करून मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव आणि 'बरोबर आहे' एवढं उत्तर मागून घे. मीटरचा आकडा मलाही पाठव. मी जागाच असेन.