चक्राकार प्रवासाचे तिकीट काढण्यापूर्वी

आपण पुण्याहून चेन्नई, मदुराई, कन्याकुमारी, तिरुवनंतपुरम, एर्नाकुलम, मडगाव असा फेरा करून पुण्याला परतणार आहात, म्हणून रेल्वेचे चक्राकार प्रवासाचे तिकीट आपल्याला योग्य ठरेल. प्रवास जिथून सुरू होतो तिथेच तो संपला पाहिजे आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबता येते.

अंतर वाढते तसा दर किलोमीटरचा भाव उतरतो, आणि खरी बचत त्यातच आहे. हिशेबासाठी एकूण अंतर ३,६०० किलोमीटर धरले, तर प्रत्येकी १,८०० किलोमीटरच्या दोन प्रवासांचे भाडे आकारले जाते. हेच सात तुकडे स्वतंत्रपणे काढल्यास प्रत्येक तुकड्याला कमी अंतराचा चढा दर लागतो. मात्र आरक्षण आणि सुपरफास्टचा आकार प्रत्येक टप्प्याला वेगळा द्यावा लागतो, त्यामुळे दोन-तीनच शहरांच्या छोट्या फेऱ्यासाठी ही खटपट मला व्यर्थ वाटते.

मुदतीसाठी प्रवासाचा दर ४०० किलोमीटरला एक दिवस आणि मुक्कामाचा दर २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, म्हणजे येथे ९ अधिक १८, असे २७ दिवस मिळतील.

हे तिकीट ऑनलाइन मिळत नाही. थांब्यांचा क्रम लिहून विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांकडे किंवा मोठ्या स्थानकाच्या व्यवस्थापकांकडे अर्ज द्यावा, त्यांनी भाडे ठरवून दिल्यावर आरंभस्थानकावर तिकीट घ्यावे आणि मग टप्प्याटप्प्याचे आरक्षण करावे. तिकीट हाती आले म्हणजे बर्थ मिळाला, असा समज नवखे हमखास करून घेतात. म्हणून मधल्या गाड्यांची उपलब्धता अर्जाआधीच पाहून ठेवावी.