पैसे पणाला लावून सिगारेट सुटते का?

“मित्र म्हणतो, मोठी रक्कम कुणाकडे तरी ठेव, सहा महिन्यांत एक जरी सिगारेट ओढलीस तर गेली. पण पैशाच्या धाकाने सोडलेली सिगारेट टिकते का? पैसे हातात आले की पुन्हा सुरू होईल, अशी भीती वाटते.”

काहींची होते, पण सगळ्यांची नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या 878 कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त माहिती दिली, निम्म्यांना सिगारेट सोडल्यास टप्प्याटप्प्याने मिळून 750 डॉलरपर्यंत बक्षीस होतं. बक्षिसाच्या शेवटच्या टप्प्याला त्या गटात 14.7 टक्के लोक सिगारेटमुक्त होते, दुसऱ्या गटात 5 टक्के. पैसे थांबल्यावर आणखी सहा महिन्यांनी हेच आकडे 9.4 आणि 3.6 वर आले. म्हणजे घसरण झाली, तरी बक्षीसवाले पुढेच राहिले.

स्वतःचे पैसे अडकवण्याची गोष्ट मात्र वेगळी. 2015 च्या एका चाचणीत नुसतं बक्षीस दहातल्या नऊ जणांनी स्वीकारलं. आधी स्वतःचे 150 डॉलर ठेवायचे म्हटल्यावर जेमतेम 14 टक्के तयार झाले. जे तयार झाले त्यांच्यावर परिणाम जास्त झाला, पण बहुतेक जण दारातूनच परत गेले. तुमची तयारी असेल तर हा मार्ग आहे. नसेल तर त्यात कमीपणा काहीच नाही.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचाही बेत असाच होता: सहा महिने, एकच रक्कम, एक चूक आणि सगळं गेलं. मी त्यांना थांबवलं. अशा करारात पहिल्या सिगारेटनंतर वाचवण्यासारखं काही उरत नाही, आणि माणूस उरलेलं पाकीटही संपवतो. आम्ही रक्कम आठवड्यांत वाटली, सुरुवातीच्या आठवड्यांना मोठा वाटा दिला, कारण बहुतेक जण तेव्हाच घसरतात. पैसे थोरल्या बहिणीकडे ठेवले. बायकोकडे ठेवले असते तर तपासणी घरातलं भांडण झालं असतं.

तपासणी कशाने करायची, यावर आम्ही बराच वेळ घालवला. निकोटिनपासून शरीरात तयार होणारं कोटिनिन लाळेत मोजलं की काही दिवसांपर्यंतचं धूम्रपान दिसतं, पण हे गृहस्थ निकोटिनचं च्युइंगम खात होते आणि त्यानेही कोटिनिन वाढतं. प्रामाणिक माणूस नापास झाला असता! म्हणून श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं ठरलं. तो साधारण दिवसभरात उतरतो, त्यामुळे ठरलेल्या वारी मोजण्यात अर्थ नव्हता. बहीण न सांगता बोलवायची.

तिसऱ्या आठवड्यात एका अंत्यविधीनंतर त्यांनी दोन सिगारेटी ओढल्या. त्या आठवड्याचे पैसे आधी ठरवलेल्या संस्थेला गेले, पुढच्या आठवड्याचे शाबूत होते. च्युइंगम आणि आमच्या भेटी चालूच राहिल्या. शेवटचे हप्ते मुद्दाम लहान आणि लांब अंतरावर ठेवले होते, म्हणजे पैसे एका दिवसात थांबले असं होऊ नये. शेवटच्या हप्त्यानंतरही बहिणीने अधूनमधून मोजायचं, हे त्यांनी स्वतःहून मागून घेतलं.