कानावरचे केस कोणी बघितलेच नाहीत

प्रश्न: वय २४. समोरून, वरून आणि मागच्या भोवऱ्याचा असे तीन फोटो काढून दोन क्लिनिकना पाठवले. एकाने स्टेज २ सांगितली, दुसऱ्याने स्टेज ४. फोटोवरून टकलाची स्टेज नक्की कळते का? कोणाचं खरं मानू?

दोघांचंही इतक्यात खरं मानू नका, आणि आगाऊ पैसे तर कोणालाच देऊ नका. १२ वर्षांपूर्वी, २५ वर्षांचा असताना, मीही असेच तीन फोटो पाठवले होते. ते आमच्या दादाने काढले होते. त्यावरून आमच्यात जो वाद सुरू झाला तो आजही मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुम्हाला २ आणि ४ असे दोन आकडे का मिळाले, ते आधी सांगतो. हे आकडे नॉरवूडच्या पट्टीवरचे आहेत. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये ती मांडली आणि नॉरवूड यांनी १९७५ मध्ये सुधारली. त्यात स्टेज २ आणि ३ मधला फरक कानशिलावरची खाच किती खोल गेली यावर ठरतो. एका कानाच्या भोकापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून एक रेघ ओढली आहे असं समजा. खाच त्या रेघेच्या साधारण २ सेंटिमीटर अलीकडे थांबली तर स्टेज २, त्याहून मागे गेली तर ३. आता सांगा, समोरून काढलेल्या फोटोत ही रेघ दिसते का? कानच धड दिसत नाहीत. त्यासाठी बाजूने काढलेला फोटो लागतो, आणि तो तुमच्या तीन फोटोंत नाहीच. त्यात फोन हातभर अंतरावर धरून सेल्फी काढला असेल तर कपाळ आहे त्याहून मोठंच दिसतं.

स्टेज ४ चं गणित वेगळं आहे. पुढून कपाळ मागे सरकलेलं, मागे भोवऱ्यावर चकती पडलेली, आणि दोन्हींच्या मधून केसांचा एक आडवा पट्टा गेलेला. तो पट्टा बऱ्यापैकी दाट असेल तर ४, अरुंद आणि विरळ झाला तर ५, नाहीसा झाला तर ६. म्हणजे वरून काढलेल्या फोटोत बघायचं ते या पट्ट्याकडे. आणि नेमका हाच पट्टा फोटोत सगळ्यात जास्त फसवतो. न्हाऊन आल्यावर ओले केस एकमेकांना चिकटतात, मधली त्वचा उघडी पडते, वर बाथरूमचा दिवा असतो, आणि ३ चे ५ दिसतात. तेच केस सुकवून, बाल्कनीत सावलीत उभं राहून फोटो काढा, पट्टा परत भरलेला दिसेल. भोवऱ्याचंही तेच. भोवऱ्याच्या मध्यावर केस चारी दिशांना वळतात, त्यामुळे तिथे थोडी त्वचा सगळ्यांचीच दिसते. ज्याचं टक्कल पडायचं नाही त्याचीसुद्धा.

आता माझी गोष्ट. माझं कपाळ दोन्ही बाजूंनी मागे गेलं होतं आणि भोवऱ्यावर रुपयाएवढी जागा विरळ झाली होती. लग्नाचं बघणं सुरू झालं होतं. दादाला केसांचं ट्रान्सप्लांट करणाऱ्या पुण्यातल्या एका क्लिनिकची माहिती मिळाली. त्याने मला खिडकीपाशी उभं करून तीन फोटो काढले आणि व्हॉट्सअॅपवर पाठवले. अर्ध्या तासात उत्तर आलं: ग्रेड ३ व्हर्टेक्स, पुढे २२०० ग्राफ्ट बसवू, भोवरा औषधावर राहील. व्हर्टेक्स म्हणजे भोवरा, आणि ग्राफ्ट म्हणजे मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचा केसांचा पुंजका. दादा खूश. म्हणाला, बघ, फोटोत सगळं दिसतं, उगाच दहा डॉक्टरांचे उंबरे झिजवायला नकोत.

त्याच आठवड्यात मी आमच्या गल्लीतल्या न्हावीकाकांकडे गेलो होतो. कानावर मशीन फिरवताना ते थांबले. तिथली बट दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाले, "इथले केस बारीक झालेत रे. आधी असे नव्हते." मी घरी येऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, न्हाव्याला काय कळतं.

न्हावीकाकांनाच कळलं होतं. आपल्या टकलात केस एकदम मुळासकट जात नाहीत. प्रत्येक नव्या फेरीत तोच केस आणखी बारीक, आणखी आखूड उगवतो, आणि शेवटी त्याची जावळासारखी लव होते. हे बारीक होणं फोटोत बराच काळ दिसत नाही, कारण बारीक झालेला केसही काळाच असतो आणि खालची त्वचा झाकतो. साधारण निम्मी दाटी जाईपर्यंत डोळ्याला फारसं जाणवत नाही असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. फोटोतून किती जागा रिकामी झाली ते दिसतं. जी जागा अजून भरलेली दिसते तिथले केस किती दमाचे आहेत, ते दिसत नाही.

माझ्या बाबतीत मधल्या पट्ट्यातले केस बारीक होतच होते, आणि कानांवरचे व मानेजवळचेसुद्धा. ग्राफ्ट घेतात ते मागच्या आणि बाजूच्या केसांतून, कारण ते टिकतात असं धरलेलं असतं. तेच बारीक होत असतील तर पुढे नेऊन लावले तरी बारीकच होत जाणार. ऑपरेशनच्या सकाळपर्यंत माझ्या डोक्याची मागची बाजू कोणी भिंगाखाली बघितली नाही. डॉक्टर पहिल्यांदा भेटले ते पेनाने कपाळावर रेघ मारायला.

पहिली तीन वर्षं छान गेली. लग्न झालं, अल्बममध्ये केस भरगच्च आहेत. औषध मी दीड वर्षात सोडलं, कारण आता केस आलेत अशी समजूत होती आणि ते कायम घ्यावं लागतं हे कोणी ठासून सांगितलं नव्हतं. मग मधला पट्टा गेला. आज पुढे बसवलेल्या केसांची चार बोटं रुंद झालर आहे, तीही विरळ झालेली, आणि तिच्या मागे भोवऱ्याच्या खालपर्यंत मोकळं. कुठलंच टक्कल आपणहून असं पडत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला लगेच कळतं. झालर ठेवून पूर्ण टक्कल करता येत नाही. सगळं मशीनने उतरवावं तर मागच्या बाजूला पांढऱ्या ठिपक्यांचे वण दिसतात.

दोन वर्षांपूर्वी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना दाखवलं. त्यांनी डर्मोस्कोप नावाचं भिंग लावून स्क्रीनवर दाखवलं. मागच्या बाजूला एका छिद्रातून दोन-तीन जाड केस यायला हवेत, तिथे बऱ्याच ठिकाणी एकच, तोही बारीक. शेजारी शेजारी जाड आणि बारीक केसांची सरमिसळ. पाचांतल्या एकाहून जास्त केस असे बारीक दिसले की आनुवंशिक टक्कल धरतात, आणि ही सरमिसळ मागच्या बाजूलाही दिसली की शहाणा सर्जन हात लावत नाही. मग त्यांनी कागदावर हिशोब मांडला. पूर्ण पसरलेलं टक्कल साधारण २०० चौरस सेंटिमीटर असतं. दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट धरले तरी ८००० लागतात. चांगल्या दाट डोक्यातूनही आयुष्यभरात साधारण ५००० ते ६००० निघतात. माझ्या डोक्यातून त्याहून बरेच कमी निघणार, आणि त्यातले २२०० कपाळावर खर्च होऊन गेलेले. हा हिशोब २५ व्या वर्षी कोणी केला असता तर मी केस बारीक कापून औषधावर राहिलो असतो.

दादाचं म्हणणं आजही तेच, की स्टेज तर त्यांनी बरोबर सांगितली होती. होय दादा, बरोबर होती. त्या दिवशी मी ग्रेड ३ व्हर्टेक्सच होतो. पण २५ व्या वर्षी ३ वर असलेला आणि ५० व्या वर्षी ३ वर असलेला माणूस सारखा नसतो. दुसरा तिथे येऊन थांबलाय, पहिला वाटेत आहे. फोटोत दोघं सारखेच दिसतात. आईचे वडील आणि दोन्ही मामा चाळिशीत कानापर्यंत मोकळे झाले होते, हे क्लिनिकने विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही.

तेव्हा तुमच्यासाठी: एखाद्या अशा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा जो ट्रान्सप्लांट विकत नाही, आणि त्याला टाळू, भोवरा, कानांच्या वर आणि मानेच्या वर अशा चार जागा डर्मोस्कोपने बघायला सांगा. तुमच्या दोन उत्तरांत २ खरं की ४, यापेक्षा मागची बाजू काय म्हणते ते महत्त्वाचं.

फोटो मुळीच काढू नका असं म्हणत नाही. स्वतःशी तुलना करायला ते उत्तम. दर तीन महिन्यांनी, केस कापल्यानंतर आठवडाभराने, धुऊन सुकवलेले, तेल न लावलेले, त्याच खिडकीशी, त्याच वेळी, मागच्या कॅमेऱ्याने आणि दुसऱ्या कोणाकडून हातभर नाही तर मीटरभर लांबून काढून घ्या. दोन्ही बाजूंचे फोटोही घ्या. चार फोटोसंच शेजारी ठेवले की वेग कळतो, आणि तो कुठलाच एक फोटो सांगत नाही.

एक राहिलं. तुम्हाला गेल्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर सगळ्या डोक्यावरून केस एकदम गळतात आणि फोटोत स्टेज दोनेक पायऱ्या वर गेल्यासारखी दिसते. ते बहुतेक वेळा भरून येतं, तोवर स्टेज ठरवूच नका. गोल, गुळगुळीत चट्टा असेल, खाज-जळजळ असेल किंवा त्वचेवर केसांची छिद्रंच दिसत नसतील तर तो वेगळा आजार, लवकर दाखवा. आणि फिनास्टराइड हे टकलावरचं औषध कोणाच्याही सांगण्यावरून सुरू करू नका, त्याच्या दुष्परिणामांबद्दल डॉक्टरशी बोलूनच ते घ्या. मी भेटलो ते क्लिनिक तसं होतं, सगळे तसे नसतात, हेही मान्य.

गेल्या दिवाळीत दादाचा मुलगा घाबरून बसला होता. वय १९, हेअरलाइन मागे गेली म्हणून. दादाने सवयीने फोन काढला. मी पोराला उजेडात बसवलं आणि भुवया वर करायला सांगितलं. कपाळावर सगळ्यात वरची आठी जिथे पडते तिच्यापासून त्याचे केस बोटभर वर सुरू होत होते. या वयात पोरकट हेअरलाइन जाऊन मोठ्या माणसाची येते ती इथेच थांबते, आणि फोटोवाले तिलाच स्टेज २ म्हणतात. मग त्याच्या कानावरची बट दोन बोटांत धरून चोळली, टाळूवरची चोळली. दोन्ही सारखीच जाड लागली. तरी जानेवारीत त्याला त्या बाईंकडे घेऊन गेलो. दादाही आला होता, आणि स्क्रीनकडे तोच जास्त वेळ बघत होता.